बकलम

लिहिता न येणारा माणूस कागदावर अंगठा उठवतो, तेव्हा त्या ठशाशेजारी त्याचं नाव दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं. ते लिहिणारा माणूस 'बकलम' असा शब्द घालून पुढे आपलं नाव लिहितो. अंगठा याचा, अक्षर माझं, एवढंच त्या शब्दाचं सांगणं. हा शब्द मला नानांनी शिकवला.

नाना आमचे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी कारकुनीत काढली होती. निवृत्त झाल्यावर हातातलं टेबल गेलं, पण अक्षर राहिलं, आणि आसपासच्या घरांतली बरीच मोठी माणसं तेव्हा निरक्षर होती. त्यामुळे अर्ज, मनीऑर्डरचे फॉर्म, खुशालीची पत्रं असं काही ना काही घेऊन कुणीतरी त्यांच्याकडे येतच असे. ही कामं ते बोलता बोलता करून टाकत. सांत्वनाचं पत्र मात्र ते त्याच दिवशी कधीच पुरं करत नसत. कुणाच्या घरून मरणाची बातमी आली आणि माणूस पत्र लिहून घ्यायला आला, की नाना आधी दार लोटून घेत, त्याला बसवत आणि मला हाक मारत.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. नानांची नजर अधू होत चालली होती, म्हणून कच्चा मसुदा मोठ्यानं वाचून दाखवायला मी त्यांना लागते, अशी माझी समजूत होती. खरं कारण मला पुष्कळ पुढे कळलं. पत्र जिथे जाणार तिथेही वाचता येणारं कुणी मोठं माणूस असेलच असं नसे. बहुतेक वेळा ते घरातल्या, नाहीतर शेजारच्या शाळकरी पोराच्या हातात दिलं जाई आणि सगळे भोवती बसून ऐकत. नाना पत्र लिहीत ते त्या पोराच्या जिभेसाठी. मी ज्या शब्दाला अडखळत असे, तो शब्द ते पेन्सिलीनं खोडत. 'सांत्वन' या शब्दालाच मी अडखळले होते, म्हणून त्यांच्या सांत्वनपत्रांत तो शब्द कधी आला नाही. 'मृत्यू' नाही, 'दुःखद' नाही, 'हृदयद्रावक' तर नाहीच. 'गेले', 'ऐकलं', 'रडू आलं', 'आठवतं' असे शब्द. पोर जोडाक्षरापाशी थांबलं, की ऐकणाऱ्या बाईचं लक्ष नवऱ्यावरून उडून पोराच्या तोंडाकडे जातं, आणि मग पुढचं वाक्य वाया जातं, असं ते म्हणत.

मसुदा ते पाठकोऱ्या कागदावर करत. कार्यालयात असताना साठवलेली त्यांची एक गड्डी होती. पक्कं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या कागदावर, डावीकडे दोन बोटं समास सोडून. दोन शब्दांत जागा जास्त, दोन ओळींत त्याहून जास्त. पत्र कागदाच्या एकाच बाजूला संपलं पाहिजे हा नियम. पान उलटताना वाचणारं पोर अडतं, आणि तेवढ्यात कुणीतरी हुंदका देतं किंवा मध्येच बोलायला लागतं. एका बाजूला त्यांच्या अक्षरात जेमतेम दीडशे शब्द बसत. वाचायला दीड-दोन मिनिटं. त्याहून जास्त वेळ नुकतंच माणूस गेलेल्या घरात कुणाला ऐकवत नाही, हे त्यांचं मत होतं आणि मला ते आजही पटतं.

पहिल्या ओळीत बातमी कधी आणि कशी कळली ते यायचंच. 'परवा संध्याकाळी पत्र मिळालं' एवढं लिहिलं, की उशीर पत्राच्या वाटेत झाला, मनात झाला नाही, हे समोरच्याला कळतं. कसे गेले, दवाखान्यात नेलं होतं का, कोण जवळ होतं, असले प्रश्न पत्रात विचारायचे नाहीत. ते विचारायला माणसानं समोर असावं लागतं. आणि 'काही लागलं तर कळवा' हे वाक्य तर त्यांनी स्वतःला सक्त मना केलं होतं. ते मला एकदा म्हणाले, "अगं, तिला कळवायचं म्हणजे कुणाला तरी धरून लिहून घ्यावं लागणार. घरात पैसा नाही, हे शेजाऱ्याच्या तोंडावर सांगावं लागणार. ती कशाला कळवते?" म्हणून त्या जागी ते पाठवणाऱ्याकडून एक ठरीव गोष्ट वदवून घेत. मी अमक्या आठवड्यात येते. धाकट्याला सुट्टीत माझ्याकडे ठेवून घेते. जे जमणार आहे तेवढंच, आणि दिवस सांगून.

हे सगळं त्यांना पहिल्यापासून येत होतं असं मात्र नाही. त्यातलं बरंचसं त्यांना एका पत्रानं शिकवलं, आणि ते पत्र चुकलं तेव्हा मी तिथेच होते.

समोरच्या घरातली मावशी आली होती. तिच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा गेला होता. मावशी रडत नव्हती. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "नाना, चार ओळी लिहा. रीत म्हणून."

"काय लिहू?"

"तुम्हीच लिहा बघून. तुम्हाला ठाऊक असतं."

"माणूस कसा होता?"

मावशी गप्प. मग म्हणाली, "होता."

नानांनी आणखी एकदा विचारून पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवशी नानांना बरं नव्हतं की घाई होती, मला आठवत नाही, पण त्यांनी पुढे विचारलं नाही. तीस-पस्तीस वर्षं सरकारी मसुदे लिहिलेल्या हाताला रिकाम्या जागा भरायची सवय असते. त्यांनी भरल्या. 'आपले यजमान अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ होते. त्यांच्या जाण्यानं आपल्या सर्वांचा आधार हरपला आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो आणि हा आघात सोसण्याचं बळ आपणास देवो.' मी वाचून दाखवलं. 'आत्म्यास'ला अडखळले, तरी त्यांनी तो शब्द तसाच ठेवला. मावशीनं मान हलवली, अंगठा उठवला आणि गेली.

पंधराएक दिवसांनी उत्तर आलं. तिकडेही कुणीतरी लिहून दिलं होतं, कोवळं, वाकडंतिकडं अक्षर. मावशीनं ते नानांपुढे ठेवलं, नानांनी माझ्यापुढे सरकवलं, आणि मी वाचलं. सगळं पत्र मला आता आठवत नाही. एक वाक्य मात्र अजून पाठ आहे. 'तुझं पत्र वाचलं, मला वाटलं चुकून दुसऱ्या घरचं आलं.'

मावशी काहीच बोलली नाही. नानांनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या टोकानं पुसत बसले. मग त्यांनी मला जावक वही काढायला सांगितली. कार्यालयाच्या सवयीनं त्यांनी अशी एक वही घरी ठेवली होती. बाहेर गेलेल्या प्रत्येक पत्राची त्यात नोंद असे. अनुक्रमांक, तारीख, कुणाकडून, कुणाला. शेवटच्या रकान्यात, पत्रात कुठली आठवण सांगितली ते दोन-चार शब्दांत. हा रकाना त्यांनी मुद्दाम आखला होता, कारण एकाच दुखवट्याच्या घरी चार शेजाऱ्यांची पत्रं त्यांच्याच हातून जात आणि चौघांची आठवण एकच निघाली तर ऐकणाऱ्यांच्या लक्षात येतं. मावशीच्या नोंदीपुढे तो रकाना कोरा होता.

नानांनी त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मावशीला म्हणाले, "ते पत्र तुझं नव्हतंच. त्याच्याखाली मी बकलम लिहायला हवं होतं. माझे शब्द, आणि अंगठा तुझा घेतला मी."

दुसऱ्याच्या नावानं लिहिलेल्या सांत्वनपत्रांचा विचार मनात आला, की मला अब्राहम लिंकनच्या नावानं गेलेलं एक पत्र आठवतं. २१ नोव्हेंबर १८६४ ही त्याची तारीख. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं आणि पत्र होतं बॉस्टनच्या लिडिया बिक्स्बी या विधवा आईला. तिचे पाच मुलगे रणांगणावर पडले असं अध्यक्षांना कळवलं गेलं होतं. पत्र फार सुंदर आहे. आपले शब्द किती दुबळे आणि निष्फळ आहेत अशी कबुली देत ते सुरू होतं, आणि इंग्रजीतल्या उत्तम पत्रांत आजही त्याची गणना होते. पण पाच ही संख्या चुकीची होती. पुढे उलगडा झाला तो असा, की लढाईत तिचे दोन मुलगे गेले होते. मूळ पत्र हरवलेलं आहे, आणि ते लिंकननं लिहिलं की त्याचा तरुण सचिव जॉन हे यानं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्या वादात मला फारसा रस नाही. मला ती आई दिसते. वाक्य कितीही घडवलेलं असलं, तरी त्यातला आकडा तिच्या घराचा नव्हता. पत्र ज्याच्या नावानं जातं त्यानं घर पाहिलेलं नाही आणि जो लिहितो त्यानंही नाही, अशा वेळी सुरेख भाषा ही भोक बुजवायला सगळ्यात सोयीची वस्तू असते. नानांच्या 'प्रेमळ व मनमिळाऊ'चं तेच झालं होतं.

दुसरं पत्र लिहायला तीन बैठका लागल्या.

पहिल्या दिवशी नानांनी कागदच काढला नाही. त्यांनी मावशीला माणूस कसा होता हे पुन्हा विचारलं नाही. तो प्रश्नच चुकीचा, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. कसा होता, असं विचारलं की माणसाला निकाल द्यावा लागतो, आणि मेलेल्यावर खरा निकाल द्यायची छाती कुणाची होत नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी तो शेवटचा आला, तेव्हा कुठे बसला होता?"

मावशी म्हणाली, "बसला नव्हताच. कधीच बसायचा नाही. अक्काला सोडायला यायचा आणि दारातच उभा."

"दारात काय करायचा?"

इथे मावशीला हसू फुटलं. बातमी आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "दार बघायचा. आमचं दार करकरायचं ना. चार-दोनदा उघडून मिटून बघायचा, मग तेल मागायचा. बिजागरीत तेल सोडायचा, पुन्हा उघडमिट करून आवाज गेला का बघायचा, हात पुसायचा आणि चालू लागायचा. ना राम राम, ना काही. दर खेपेला. एकदा तर वरची बिजागरी खिळे काढून पुन्हा बसवली. मी म्हटलं पाणी तरी घ्या, तर म्हणाला दार नीट लावत जा."

मग तिचं हसू ओसरलं आणि ती हळूच म्हणाली, "अक्काला फार ओरडायचा, नाना. आमच्यासमोरसुद्धा. मला त्याचा राग होता. अजून आहे. प्रेमळ कसलं लिहायचं?"

"मग नाही लिहायचं," नाना म्हणाले.

दुसरी बैठक याच अडचणीवर गेली. बिजागरी मिळाली होती, ती लिहिता येत होती. पण ओरडणं? ते वगळलं तर पत्र पुन्हा दुसऱ्या घरचं होतं. अक्काला माहीत आहे की बहिणीला माहीत आहे. ती गोष्ट मध्ये तशीच पडून राहिली, तर बिजागरीसुद्धा खोटी वाटेल. आणि लिहावं, तर वाचणार नातू. ऐकायला मुलगा, सून, शेजारीपाजारी. बाप जाऊन महिना झाला नाही, अशा घरात ते वाक्य मोठ्यानं वाचलं जाणार. लिहिणाऱ्याचा खरा कस इथे लागतो, असं मला वाटतं. जे पत्र एकालाच लिहिलेलं असतं पण दहा जण ऐकणार असतात, त्यात एक वाक्य असं लागतं, की दहा जणांच्या कानांवरून ते साधं म्हणून जाईल आणि एकीच्या काळजात उतरेल.

नानांनी पाठकोऱ्या कागदावर तीन-चार प्रकार करून पाहिले. 'त्यांचा स्वभाव तापट होता.' मावशी म्हणाली, हे परक्यानं लिहिल्यासारखं वाटतं. 'तू पुष्कळ सोसलंस.' हे मुलाला बोचलं असतं. आणखी एक काहीतरी झालं, तेही खोडलं. शेवटी नाना लिहायचे थांबले आणि म्हणाले, "तू अक्काशेजारी बसली आहेस. सगळे आजूबाजूला आहेत. काय म्हणशील?"

मावशी बराच वेळ हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "अक्का, आवाज मोठा होता गं त्यांचा. घर गप्प वाटत असेल."

नानांनी ते जसंच्या तसं उतरून घेतलं. त्यातला 'गं'सुद्धा. त्यांच्या पत्रांत 'गं' आलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मसुद्यात ते बोलीचं सगळं घासून पुसून, 'ते होते, त्यांनी केले' असं करत. त्या दिवसापासून त्यांनी ते सोडलं. बोलणाऱ्याचा 'गं' आणि 'रे' कागदावर गेला पाहिजे, कारण तिकडे पोर वाचत असताना ऐकणाऱ्याला आवाज त्या 'गं'वरूनच ओळखू येतो.

तिसऱ्या दिवशी पक्कं पत्र झालं. मी ते इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं, की आजही बहुतेक सगळं सांगू शकते.

'अक्का, तुझं पत्र आलं. पहिलं पत्र मी नीट सांगितलं नव्हतं, ते विसरून जा. तुझ्या घरात आता कसं असेल ते मी रोज मनात बघते. आवाज मोठा होता गं त्यांचा. घर गप्प वाटत असेल. आमच्या दाराला ते दर वेळी तेल घालायचे, तुला आठवत असेल. तू आत येऊन बसायचीस आणि ते दारातच असायचे. वरची बिजागरी त्यांनीच बसवली आहे. दार अजून वाजत नाही. मी त्यांना कधी दोन शब्द धड बोलले नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी येते. आठ दिवस राहीन. तुझ्या खोलीतच झोपेन. तुझी धाकटी.'

अक्काच्या नवऱ्याबद्दल त्यात एकही विशेषण नव्हतं. ते गेल्याचं वाईट वाटलं, असंही कुठे म्हटलेलं नव्हतं. मी तसं नानांना विचारलं, तेव्हा त्यांनी 'मी त्यांना कधी दोन शब्द धड बोलले नाही' या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे काही बोलले नाहीत. 'तुझ्या खोलीतच झोपेन' हे वाक्य मावशीनं अगदी शेवटी, उठता उठता घालायला लावलं होतं. चाळीस वर्षं ज्या खोलीत दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, तिथे पहिल्या रात्री काय होतं हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. नानांना ते सुचलं नसतं.

अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा मावशीनं विचारलं, "ते बकलम का काय, तुमचं नाव, या वेळी घालणार का?"

"नाही," नाना म्हणाले, "यात माझं काही नाही."

त्यांनी शाईची गादी पुढे केली. मावशीनं अंगठा उठवला. नानांनी टिपकागद दाबला, आणि ठशाखाली फक्त तिचं नाव लिहिलं. मग जावक वहीत नवी ओळ. शेवटच्या रकान्यात, दाराची बिजागरी. वरच्या ओळीतला जुना कोरा चौकोन त्यांनी तसाच राहू दिला. मी म्हटलं तिथेही लिहून टाका, तर म्हणाले, "त्या पत्रात नव्हती ती."

उत्तर आलं तेव्हा महिना संपत आला होता. तेच कोवळं अक्षर, या वेळी जरा मोठं, कुणीतरी सावकाश सांगितलेलं. सुरुवातीला घरातल्यांची खुशाली, सोमवारी कुठल्या गाडीनं निघावं आणि उतरल्यावर कोण न्यायला येईल. त्यानंतर एक ओळ होती. मी ती वाचली. मावशी म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली.

'दाराला महिन्यातून एकदा तरी तेल घालत जा, आता ते यायचे नाहीत.'

मावशी उठली, पदर खोचला आणि नानांना म्हणाली, "आहे का हो थोडं तेल?"